डोहाळे मातीचे, आंबटाचे आणि गोडाचे

गर्भारपणात माती खावीशी वाटते, हे सांगायला बायका लाजतात. चिंचा-कैऱ्यांचे डोहाळे चारचौघीत हसत सांगितले जातात. मातीचा डोहाळा मात्र पदराच्या गाठीत ढेकूळ सापडतं तेव्हा कळतो, नाहीतर डॉक्टरांनी नेमकं विचारल्यावर. पेण तालुक्यात जोहे-हमरापूरच्या बाजूला घरोघरी गणपती घडतात. शाडूच्या गोण्या ओटीवरच रचलेल्या असतात. तिथे असा डोहाळा लागला तर तो पुरवायला कुठे जावंही लागत नाही.

हा डोहाळा काही आजचा नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त तिसऱ्या सर्गात गर्भवती राणी सुदक्षिणा माती खाते. तिच्या तोंडाला येणारा मातीचा वास राजा दिलीप पुन्हा पुन्हा घेतो आणि तरी त्याचं समाधान होत नाही, असं कवीने लिहिलं आहे. पहिल्या पावसानंतर कोकणातलं अंगण कसं दरवळतं हे ज्याला माहीत आहे, त्याला यातलं आकर्षण समजायला वेळ लागणार नाही.

‘डोहाळा’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ किंवा ‘दौहृद’ यावरून आला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटलं आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि ती स्त्री ‘द्विहृदया’ होते, म्हणजे दोन हृदयांची. तिला जे हवंसं वाटतं ते केवळ तिचं मागणं नसतं, आतल्या जिवाचंही असतं, म्हणून ते पुरवायचं. न पुरवलं तर मुलात व्यंग येतं, असंही तिथे सांगितलं आहे. आपल्याकडे त्याचंच घरगुती रूप म्हणजे ‘डोहाळे राहिले तर बाळाचा कान फुटतो’. आजच्या ज्ञानानुसार गर्भाचं हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारास धडधडू लागतं आणि बाळाचा कान फुटतो तो सर्दीतून आलेल्या जंतुसंसर्गाने. तरीही या समजुतीने एक मोठं काम केलं. घरात शेवटी जेवणाऱ्या सुनेला ‘तुला काय हवं’ असं विचारण्याची सक्ती तिने घातली, आणि त्या विचारण्याला एक दिवस नेमून दिला. तो दिवस म्हणजे डोहाळजेवण.

रीत बहुतेकांना ठाऊक आहे. सातवा लागला की दिवस ठरतो. काही घरांत पाचव्यात, काहींत नवव्यातही करतात. त्याआधी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गाजावाजा न करता ‘चोरओटी’ भरलेली असते, कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याची भीती अधिक, म्हणून बातमी घरातच ठेवायची. सातव्यात मात्र सगळं उघड. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, म्हणजे वेणीपासून बाजूबंद-कंबरपट्ट्यापर्यंत सगळे दागिने फुलांचे. सजवलेला झोपाळा, नाहीतर नाव, चांदणं, बाग, धनुष्यबाण यांचा देखावा. पाच सुवासिनी ओटी भरतात: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, खारीक, बदाम, पाच फळं. गाणी होतात, उखाणे होतात, मग झाकलेल्या दोन वाट्या पुढे येतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ खेळच आहे, आणि त्याहून पुढे जाऊन खरोखर लिंग जाणून घेणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढं त्याबद्दल पुरे. ओटी भरणाऱ्यांत विधवा आजीला किंवा आईला मागे बसवण्याची रीत अजून काही घरांत दिसते. जिने बाळंतपणं निभावली तिलाच त्या दिवशी दूर ठेवण्यात काय अर्थ आहे, हे ती रीत पाळणाऱ्यांनी एकदा सांगावं.

आता आरोग्याकडे वळू. सातवा महिना हा नेमका असा टप्पा आहे, की त्या सुमारास आईच्या रक्तातली दोन गणितं बदलतात, एक लोहाचं आणि दुसरं साखरेचं. मातीचा डोहाळा पहिल्याशी जोडलेला असू शकतो. गोडाचं ताट दुसऱ्याशी जाऊन भिडतं.

माती काय सांगते

गर्भारपणात आईच्या शरीरातलं रक्त वाढतं, पण ते एकसारखं वाढत नाही. रक्तातला पातळ भाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो आणि लाल पेशी मात्र त्या मानाने कमी. वरणात पाणी वाढवलं आणि डाळ तेवढीच ठेवली तर जे होतं तेच इथे होतं. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येणं स्वाभाविक आहे. पण त्याच वेळी बाळ आणि वार दोघंही लोह ओढून घेऊ लागतात. संपूर्ण गर्भारपणात सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या चार महिन्यांत. साठा आधीच कमी असेल तर सातव्या-आठव्यात तो उघडा पडतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीचं रक्त कमी असण्याची शक्यता आहे.

माती, खडू, भाजलेली खापरी, चुलीची राख, कच्चे तांदूळ, बर्फ असं खाण्याची अनावर इच्छा लोहाच्या कमतरतेबरोबर वारंवार दिसते. कमतरतेमुळे इच्छा होते की माती खाल्ल्याने कमतरता वाढते, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण दोन्ही खरं असू शकतं. लोहाचे उपचार सुरू झाल्यावर पुष्कळ जणींची ही ओढ, विशेषतः बर्फाची, काही दिवसांत ओसरते. मात्र माती खाऊन लोह मिळेल हा हिशेब चुकीचा आहे. मातीतलं लोह आतड्यांना जवळजवळ घेता येत नाही, उलट चिकणमाती अन्नातलं लोह स्वतःला चिकटवून घेते. शिवाय बद्धकोष्ठ होतं, जंतांची अंडी पोटात जातात. मूर्तीच्या कारखान्यातल्या मातीत रंगाचा, प्लास्टरचा चुरा मिसळलेला असण्याचीही शक्यता असते, आणि काही रंगांत शिसं असतं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं.

म्हणून मातीचा डोहाळा पुरवायचा नाही, पण हसण्यावारीही न्यायचा नाही. तो कळल्याबरोबर हिमोग्लोबिन तपासायचं. गर्भवतीसाठी ११ ग्रॅमच्या खाली आकडा गेला की रक्तक्षय धरतात. ७ ते ९.९ हा मध्यम आणि ७च्या खाली तीव्र, ज्याला रुग्णालयच लागतं. सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. आकडा मध्यम पट्ट्यात गेला तर डॉक्टर दिवसाला दोन गोळ्या देतात आणि महिन्याने पुन्हा तपासतात. महिन्यात एक ग्रॅमनेही वाढ झाली नाही, तर गोळी खरंच घेतली जाते का हे आधी पाहायचं आणि घेतली जात असेल तर शिरेतून लोह देण्याचा विचार करायचा.

गोळी घेतली जाते, पण कशाबरोबर, हा आपल्या घरांतला खरा अडसर. दुपारच्या चहाबरोबर लोहाची गोळी घेतली तर चहातलं टॅनिन त्यातलं पुष्कळसं लोह अडवतं. दूध किंवा कॅल्शियमची गोळी बरोबर घेतली तरी तेच. चहा आणि लोह यांत तास-दोन तासांचं अंतर हवं, कॅल्शियम वेगळ्या वेळी हवं. रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी बहुतेकींना सोसते. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही, ते गोळीमुळे होतं.

ताटात लोहाचं काय आहे? रायगडात याचं उत्तर वालात आहे. भाताची कापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरले जातात; पेण-रोह्याकडचे कडवे वाल ते हेच. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी काढून फडक्यात घट्ट बांधून दिवसभर ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायची. त्या सोललेल्या डाळिंब्यांचं बिरडं आमसूल, गूळ, ओलं खोबरं घालून होतं. हे वेळखाऊ काम आजी का करत होती याला एक शास्त्रीय कारण आहे. कडधान्यात फायटेट नावाचा घटक लोहाला धरून ठेवतो. भिजवण्याने आणि मोड येण्याने तो कमी होतो आणि क जीवनसत्त्व थोडं वाढतं, त्यामुळे तेवढ्याच वालांतून अधिक लोह अंगी लागतं. ताटात वाढताना वर लिंबू पिळलं तर आणखी फायदा. लिंबू शिजवताना घालू नका, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. डाळिंब्या पूर्ण मऊ शिजलेल्या हव्यात, कारण कच्च्या वालात पोटाला त्रास देणारे घटक असतात.

डोहाळजेवणाच्या कितीतरी पंगतींत ही उसळ ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर असते आणि बटाट्याची भाजी वाटीभर. प्रमाण उलटं करता आलं तर त्या जेवणाने अर्धं काम केलं म्हणायचं. खारेपाटातल्या आगरी-कोळी घरांत तर रोजच्या जेवणात आणखी एक सोय आहे. जिताडा, बोंबील, बांगडा, मांदेली यांतलं लोह वालातल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. फक्त मोरीसारखे शार्कच्या जातीचे मासे गर्भारपणात टाळावेत आणि मोठी सुरमई क्वचितच खावी, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

गोडाचं ताट

समजा एका मुलीचं सासर रोह्याला आहे आणि माहेर पेणला. पहिलंच बाळंतपण. सत्ताविसाव्या आठवड्यात तिची तपासणी झाली. हिमोग्लोबिन तिसऱ्या महिन्यात ११.२ होतं, ते आता ९.८. आणि साखरेची चाचणी १४८. डोहाळजेवण दोन आठवड्यांनी रविवारी, संध्याकाळी पाचला, हॉलमध्ये. केटरर ठरलेला, साठ पानं.

ही साखरेची चाचणी अशी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्या सरकारी पद्धतीत उपाशी असणं गरजेचं नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत ही चाचणी होते आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. कारण त्या सुमारास वार मोठी झालेली असते आणि तिच्यातून स्रवणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहावी, म्हणजे बाळाला मिळेल, अशी ही निसर्गाची योजना. ज्यांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करू शकत नाही, त्यांच्यात ती योजना हाताबाहेर जाते. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतः जास्त इन्सुलिन तयार करतं आणि अंगाने, विशेषतः खांद्यांनी, जाड होतं. प्रसूतीत खांदा अडकू शकतो, आणि नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा एकदम थांबून बाळाची साखर धोकादायक खाली येऊ शकते.

म्हणजे सातव्यातलं डोहाळजेवण या चाचणीच्या अगदी पाठोपाठ येतं. निमंत्रणं जाण्याआधी अहवाल हातात असावा, एवढं तरी घराने पाहावं.

आता त्या रविवारचं ताट मोजून पाहू. आल्याबरोबर लिंबू सरबत, त्यात चार चमचे साखर, म्हणजे २० ग्रॅम. वाट्यांच्या खेळात पेढा आणि बर्फी, दोन्ही मिळून आणखी २० ग्रॅम साखर. तीन पुऱ्यांतून ३० ग्रॅम पिष्ट. मसालेभात आणि वरणभात मिळून दीड वाटी, ६० ग्रॅम. बटाट्याची भाजी १५. ओल्या नारळाच्या दोन करंज्या ३५. अर्धी वाटी खीर २०. हे सगळे अंदाज आहेत, वाटी मोठी असली की आकडा बदलतो. तरी बेरीज दोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. गर्भवतीला दिवसभरात मिळून किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात, असं आहारशास्त्र सांगतं. ती तिने एका बैठकीत घेतली, आणि सुवासिनींनी भरवलेले घास अजून मोजलेले नाहीत. चाचणीत ज्या ७५ ग्रॅमने तिचा आकडा १४८ला नेला, त्याच्या अडीचपटीहून हे जास्त. भात-पुरीचं पिष्ट ग्लुकोजइतक्या झटपट रक्तात उतरत नाही, तूप-खोबऱ्याने ते आणखी मंदावतं हे खरं. पण ते उतरतंच.

मग काय, डोहाळजेवणात गोड नकोच? तसं कोणी म्हणत नाही, आणि तसं केलं तर ती मुलगी सगळ्यांसमोर ‘आजारी’ ठरते. ताट तेच ठेवून वाढण्याचा क्रम आणि माप बदलता येतं. सरबताऐवजी बिनसाखरेची सोलकढी. आधी डाळिंब्यांची उसळ वाटीभर आणि काकडीची कोशिंबीर, ते निम्मं संपल्यावर भात. भात किंवा पुरी, दोन्ही नाही. भात असेल तर अर्धी वाटी. करंजी एक, आणि ती खिरीच्या बदली. पेढा-बर्फीचा कण मोडून तोंडात घालायचा, बाकीचा नवऱ्याने खायचा. सुवासिनींनी घास भरवायचाच आहे तर उसळीचा भरवावा. करंजीचाच हवा असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. अशा ताटात कर्बोदकं साठ ग्रॅमच्या आसपास येतात. जेवणानंतर झोपाळ्यावर लगेच न बसता हॉलमध्येच दहा-पंधरा मिनिटं पाहुण्यांत फिरावं. घरी यंत्र असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघायची. उपचार चालू असताना ती १२०च्या खाली राहणं अपेक्षित असतं. एका दिवशी १३५ आली म्हणून रडायचं कारण नाही. दोन आठवडे पथ्य पाळूनही वारंवार वर राहिली तर औषध किंवा इन्सुलिन लागतं.

इन्सुलिन चालू असेल तर धोका उलट बाजूनेही असतो, आणि समारंभात तोच आधी येतो. पाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. फोटो, गाणी, उखाणे करता करता जेवायला साडेआठ वाजतात. सुई टोचून घेतली आणि ताट आलं नाही, तर साखर खाली जाते. हातांना कंप, थंड घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं, आणि फुलांच्या वाडीत नटलेल्या मुलीला घाम आला तर सगळे पंखा वाढवतात. तिथे पंखा नको, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं. त्याहून सोपं म्हणजे पानं वेळेवर मांडावीत. निदान तिचं पान तरी ठरल्या वेळी मांडून मग गाणी म्हणावीत.

या महिन्यात जेवण एकदम भरपूर करणंही जमत नाही. वाढलेलं गर्भाशय जठराला वर ढकलतं, संप्रेरकांमुळे जठराच्या तोंडाची झडप सैल झालेली असते, म्हणून आग्रहाचे चार घास छातीत जळजळ होऊन वर येतात. नाव किंवा चांदण्याच्या देखाव्यात तिला उताणी आडवी करून फोटो काढण्याची टूम निघाली आहे. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि दोन-तीन मिनिटांत घेरी येऊ शकते. असं झालं तर उठवून बसवण्याआधी डाव्या कुशीवर वळवायचं.

आंबटाची गोष्ट पाण्याची आहे

आंबटाचा डोहाळा सगळ्यांत निरुपद्रवी. चिंच, कैरी, आवळा, कोकम. आवळ्या-लिंबाने तर लोहाला मदतच होते. पण हल्ली हा डोहाळा पाणीपुरीच्या स्टॉलच्या रूपाने हॉलमध्ये येतो, आणि तिथे या लेखातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू म्हणजे हिपॅटायटिस ई. एरवी तरुण माणूस त्यातून काही आठवड्यांत बरा होतो. गर्भवतीच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो यकृत निकामी करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे या काळात लागण झालेल्यांपैकी २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, बहुतेकदा पाच-सहा. एकोणतिसाव्या आठवड्यात खाल्लेली पाणीपुरी चौतिसाव्या-पस्तिसाव्यात आजार होऊन उभी राहते, आणि तोवर तो स्टॉल कोणाच्या लक्षातही नसतो. आपल्याकडे यावर नेहमीच्या वापरात लस नाही. उपाय एकच, पाणी.

म्हणून पाणीपुरी हवीच असेल तर पाणी उकळून गार केलेलं हवं. चांगलं खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. पुदिना-कोथिंबीर त्याच पाण्याने धुवायची. बर्फ नको. वीस लिटरचा जार म्हणजे शुद्ध पाणी असं समजू नये, तो कुठे भरला हे आपल्याला माहीत नसतं. सोलकढीला हाच नियम लागू, कारण ती शिजत नाही. नारळाचं दूधही उकळलेल्या पाण्यात काढायचं आणि लगेच थंड ठेवायचं. पावसाळ्यात विहिरी-नळांच्या पाण्यात गढूळ मिसळतं तेव्हा याबाबत जास्तच जागरूक राहावं.

दुसरी गोष्ट भाताची. केटरर सकाळी अकराला मसालेभात करून पातेलं झाकून ठेवतो आणि रात्री आठला वाढतो. तांदळात राहणाऱ्या एका जिवाणूचे बीजकण शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि तयार झालेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात वाढण्याच्या तासभर आधी करायला सांगावं, आणि हे बोलणं पैसे देण्याआधी करून ठेवावं.

ओटी आणि माहेरची वाट

समारंभ संपला की लोकांचं लक्ष ओटीवरून उडतं. खरं तर ताटापेक्षा ओटीच जास्त दिवस पुरणारी आहे. खारीक, बदाम, नारळ, पाच फळं हा आठ-दहा दिवसांचा मधल्या वेळचा खाऊ आहे. मूठभर शेंगदाणे किंवा चार बदाम आणि एक पेरू हे साखर असणाऱ्या मुलीलाही चालतं. खारीक गोड, ती दिवसाला एखादी. अंगणवाड्यांमध्ये पोषण अभियानाखाली गोदभराईचा कार्यक्रम होतो, तो नेमका याच अंगाने जातो. तिथे देखावा नसतो, पण सेविका काय खायचं आणि गोळी कशी घ्यायची हे बोलते. घरच्या डोहाळजेवणात कोणी एक मिनिट असं बोललं तर गाण्यांत खंड पडणार नाही.

आपल्या उदाहरणातली मुलगी यानंतर पेणला माहेरी जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज डोहाळजेवणालाच जोडलेला आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्या तो मोठा बदल आहे. सात महिने एका डॉक्टरने पाहिलं, शेवटचे दोन दुसरा पाहणार. रोहा ते पेण रेल्वेने फार लांब नाही, पण कागद रोह्यात राहिले तर पेणचा डॉक्टर अंधारात काम करतो. ओटीच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, हिमोग्लोबिनचे सगळे आकडे तारखांसह, साखरेची चाचणी आणि रक्तगट गेलाच पाहिजे. आईचा गट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. सासरचे म्हणतात माहेरी घेईल, माहेरचे समजतात झालं असेल, आणि ते राहून जातं. पेणला पोहोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या रुग्णालयात नाव नोंदवावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तोही दिवस चालतो.

माहेरी लाड होतात, त्यात पेणचे पोह्यांचे पापड ताटाला रोज येतात. एखादा चालतो. त्यात मीठ आणि पापडखार भरपूर, म्हणून रक्तदाब वाढलेला असेल तर तोही नको. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणं यांतलं काहीही दिसलं तर पापडाचा विचार सोडून त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. १४०/९० किंवा वर असेल तर थांबू नये. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी तसंच. गाडी नसेल तर १०८ला फोन.

आणि त्या १४८चं काय? प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की संप्रेरकं ओसरतात आणि बहुतेकींची साखर आपोआप उतरते. पण अशा आईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. त्या सुमारास बारसं झालेलं असतं, बाळाचं सहा आठवड्यांचं लसीकरण जवळ आलेलं असतं, आणि ही चाचणी हमखास राहते. बाळाच्या लशीच्याच दिवशी तीही करून टाकावी.